मॅट्रिक्स संघटनेतील समन्वित रजा-मंजुरी

मॅट्रिक्स संघटनेतील समन्वित रजा-मंजुरी म्हणजे एकाच वेळी दोन व्यवस्थापकांच्या हाताखाली काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या रजेच्या अर्जावर त्या दोघांनी परस्परांशी बोलून दिलेला एकच निर्णय होय. असा कर्मचारी एका बाजूने आपल्या विषयाच्या विभागाचा (उदा. चाचणी, अभिकल्प, लेखा) सदस्य असतो आणि दुसऱ्या बाजूने एखाद्या प्रकल्पाच्या चमूत काम करतो. विभागप्रमुख त्याची नेमणूक, वेतनवाढ आणि रजा पाहतो, तर प्रकल्प व्यवस्थापक त्याचे रोजचे काम आणि त्या कामाच्या मुदती ठरवतो. त्यामुळे रजेला होकार देण्याचा कागदोपत्री अधिकार एकाकडे आणि रजेमुळे अडणारे काम दुसऱ्याकडे, अशी विभागणी होते. दोघांपैकी एकाचाच होकार मिळाला, तर ती रजा मंजूर असूनही अनिश्चित राहते. माहिती तंत्रज्ञान, अभियांत्रिकी सल्लासेवा, औषधनिर्मिती संशोधन या क्षेत्रांत हा प्रश्न नित्याचा आहे आणि पुणे, मुंबई, नागपूर येथून परदेशस्थ प्रकल्पांवर काम करणाऱ्या मराठी कर्मचाऱ्यांना तो विशेष परिचित आहे.

पार्श्वभूमी

फ्रेंच खाण-अभियंता व व्यवस्थापनशास्त्रज्ञ हेन्री फेयॉल याने १९१६ मध्ये मांडलेल्या व्यवस्थापनाच्या १४ तत्त्वांत आदेशाच्या एकतेचे तत्त्व आहे. एका कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावेत, हा त्याचा आशय. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे तत्त्व पाठ्यपुस्तकातून माहीत असते. फेयॉलच्या आधी, १९०३ मध्ये, फ्रेडरिक टेलर याने नेमका उलटा विचार मांडला होता. एका कामगारावर आठ निरनिराळे मुकादम असावेत आणि प्रत्येकाने आपापल्या विषयापुरतेच सांगावे, अशी त्याची ‘कार्यानुसारी मुकादमी’ होती. एका मर्यादित अर्थाने मॅट्रिक्स संघटना ही टेलरच्या कल्पनेची आठवण करून देते.

ही रचना रूढ झाली ती अमेरिकेतील विमान व अंतराळ उद्योगात, विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. तेथे तज्ज्ञ मनुष्यबळ मोजके होते आणि एकाच वेळी अनेक प्रकल्प चालू असत. प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र तज्ज्ञ ठेवणे परवडत नसे, म्हणून तज्ज्ञ विभागातच ठेवून प्रकल्पांना वाटून देण्याची पद्धत पडली. स्टॅन्ले डेव्हिस आणि पॉल लॉरेन्स यांचे ‘मॅट्रिक्स’ हे १९७७ चे पुस्तक या रचनेवरील महत्त्वाचे लेखन मानले जाते. अधिकारावरून होणारी ओढाताण आणि निर्णयांना लागणारा विलंब हे या रचनेचे दोष त्यांनीही नोंदवले आहेत.

संघटनेच्या तक्त्यात विभागप्रमुखाशी असलेले नाते ठळक रेषेने आणि प्रकल्प व्यवस्थापकाशी असलेले नाते तुटक रेषेने दाखवण्याचा प्रघात आहे. त्यावरून कार्यालयीन बोलीत ‘सॉलिड लाइन’ आणि ‘डॉटेड लाइन’ हे शब्द आले. तक्त्यातली रेषा तुटक असली, तरी कर्मचाऱ्याच्या दिवसाचे आठ तास बहुधा तुटक रेषेच्या टोकाशीच जातात. रजेचा प्रश्न नाजूक होतो तो याच विसंगतीमुळे.

दुहेरी नियंत्रण ही केवळ खाजगी कंपन्यांतली बाब आहे, असे मात्र नाही. निवडणुकीच्या कामावर नेमलेला शाळाशिक्षक हे त्याचे घरगुती उदाहरण आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ नुसार निवडणूक कामावरील कर्मचारी त्या काळापुरते निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते. अशा शिक्षकाची रजा मुख्याध्यापकांनी मंजूर केली, तरी तेवढ्याने त्याला निवडणुकीच्या कामातून सुटका मिळत नाही. फरक एवढाच, की तेथे कोणाचा शब्द वरचढ हे कायद्याने ठरवून दिले आहे. मॅट्रिक्स संघटनेत ते बहुतेक वेळा कोठेच लिहिलेले नसते.

मंजुरी कोणाची आणि संमती कोणाची

या विषयात दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली ‘मंजुरी’. ही आस्थापनेच्या वतीने दिली जाते, तिची नोंद रजेच्या खात्यात होते आणि तिच्यामुळे कर्मचाऱ्याची अनुपस्थिती अधिकृत ठरते. दुसरी ‘ना-हरकत’. त्या दिवसांत आपले काम अडणार नाही, किंवा अडले तरी त्याची सोय झाली आहे, असे प्रकल्प व्यवस्थापकाने सांगणे म्हणजे ना-हरकत. सर्वसाधारणपणे मंजुरी विभागप्रमुखाची आणि ना-हरकत प्रकल्प व्यवस्थापकाची असते. प्रकल्पाचा अधिकार वरचढ असलेल्या, म्हणजे ‘सबळ मॅट्रिक्स’ म्हटल्या जाणाऱ्या संघटनेत हे उलटही असू शकते. प्रकल्प व्यवस्थापक हा ग्राहक कंपनीचा माणूस असेल, तर त्याला मंजुरीचा अधिकार मुळीच नसतो, कारण तो कर्मचाऱ्याच्या मालकाचा प्रतिनिधीच नव्हे. त्याला कळवणे हा व्यवहाराचा भाग झाला.

दोन्ही व्यवस्थापक एकमेकांशी न बोलता आपापले उत्तर का देऊ शकत नाहीत, याचे कारण त्यांच्या हातात असलेल्या साधनांत आहे. कामाचे वेळापत्रक प्रकल्प व्यवस्थापकाच्या हातात असते. एखादी चाचणी चार दिवस पुढे ढकलता येईल की नाही, हे त्यालाच ठाऊक. बदली माणूस मात्र त्याच्याकडे नसतो. तो विभागप्रमुखाकडे असतो, कारण त्याच कौशल्याचे इतर कर्मचारी विभागात आहेत आणि ते दुसऱ्या प्रकल्पांवर गुंतलेले आहेत. म्हणून ‘रजा घेता येईल का’ या प्रश्नाचे खरे उत्तर या दोन माहित्या एकत्र आल्यावरच तयार होते. केवळ विभागप्रमुखाने दिलेला होकार हा वेळापत्रक न पाहता दिलेला असतो आणि केवळ प्रकल्प व्यवस्थापकाने दिलेला नकार हा बदली माणसाची शक्यता न तपासता दिलेला असतो. हे दोन अर्धे निर्णय एकापुढे एक ठेवले म्हणजे एक पूर्ण निर्णय होत नाही.

हक्काची बाजू

रजा मागण्याचा हक्क आणि ती अमुकच दिवशी मिळण्याचा हक्क या भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ हा ज्या कामगारांना लागू होतो, त्यांना वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा मिळते. वर्षात २४० दिवस काम केलेल्यास दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस या हिशेबाने भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पंधरा दिवस आधी अर्ज करूनही देय रजा नाकारली गेली, तर ४५ दिवसांवरील रजेचे रोखीकरण मागता येते. म्हणजेच नकार दिला जाऊ शकतो हे कायदा गृहीत धरतो, परंतु त्या नकाराचे मोलही लावतो. व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय पदावरील व्यक्ती या अधिनियमाच्या कक्षेबाहेर असतात. त्यांच्या रजा नेमणूकपत्रावर व आस्थापनेच्या नियमांवर अवलंबून असतात.

सरकारी सेवेत महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ रजा हक्क म्हणून मागता येत नाही असे स्पष्टच सांगतात.

प्रकल्प व्यवस्थापक परदेशी असल्यास तेथील कायदा येथे लागू होत नाही. जर्मनीतील रजा कायद्यात कर्मचाऱ्याच्या इच्छेला तातडीच्या व्यावसायिक निकडीखेरीज मान देण्याची तरतूद आहे. पुण्यातील नोकरीकराराने बांधलेल्या कर्मचाऱ्याला तिचा आधार घेता येत नाही. मात्र रजेची आखणी महिनोन्महिने आधी करण्याची तिकडची सवय त्याच्या उपयोगी पडू शकते.

काही रजा मुळातच या चर्चेबाहेरच्या आहेत. अचानक आलेल्या आजारपणात परवानगी मागायची नसते, कळवायचे असते. कळवणे दोघांनाही आवश्यक असते, पण कोणाच्या होकाराची वाट पाहिली जात नाही. प्रसूती रजा कायद्यानुसार मिळते. पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २०१७ पासून २६ आठवड्यांची आहे आणि प्रकल्पाची मुदत हे ती नाकारण्याचे किंवा लांबवण्याचे कारण होऊ शकत नाही. समन्वित मंजुरीचा प्रश्न उरतो तो आधी ठरवता येणाऱ्या आणि तारखा मागेपुढे होऊ शकणाऱ्या रजेपुरता.

अर्जाचा मार्ग

बहुतेक मोठ्या आस्थापनांत रजेचा अर्ज संगणक प्रणालीत भरला जातो आणि तो कर्मचाऱ्याच्या नावापुढे नोंदलेल्या एकाच वरिष्ठाकडे जातो. वर्कडे, सॅप सक्सेसफॅक्टर्स यांसारख्या प्रणालींत दुसऱ्या, म्हणजे मॅट्रिक्स व्यवस्थापकाची नोंद करण्याची सोय आहे. पण ती नोंद केली म्हणजे अर्ज आपोआप त्याच्याकडे जाईलच असे नाही. मंजुरीचा मार्ग आस्थापनेने वेगळा आखावा लागतो. पुष्कळ ठिकाणी तो आखलेलाच नसतो आणि प्रकल्प व्यवस्थापकाला रजेची बातमी कामवाटपाच्या बैठकीत कळते.

जेथे दोघांकडे अर्ज जातो, तेथे तो क्रमाने किंवा एकाच वेळी पाठवता येतो. एकाच वेळी पाठवल्यास वेळ वाचतो, पण एकाचा होकार आणि दुसऱ्याचा नकार आला की अर्ज रद्द होतो आणि दोघांपैकी कोणालाही बोलण्याचे कारण उरत नाही. क्रमाने पाठवल्यास क्रम कोणता, याला महत्त्व येते. विभागप्रमुखाची मंजुरी आधी झाली, तर प्रकल्प व्यवस्थापकापुढे ठरून गेलेली गोष्ट येते. मग तो नाराजीने बटण दाबतो किंवा मंजूर रजा परत फिरवायला लावतो. म्हणून ज्याच्या हाती अंतिम मंजुरी आहे त्याच्याकडे अर्ज शेवटी जाणे आणि ना-हरकत त्याआधी मिळालेली असणे, हा क्रम सोयीचा ठरतो. प्रणालीत असा मार्ग नसेल, तर कर्मचारी हाच क्रम पत्राने पाळू शकतो. आधी दोघांना मिळून एकच पत्र पाठवायचे आणि उत्तर आल्यावरच प्रणालीत अर्ज भरायचा.

एकच पत्र हा यातला कळीचा मुद्दा आहे. दोघांना वेगवेगळी पत्रे गेली, की मजकुरात नकळत फरक पडतो. एकाला कारण सांगितले जाते, दुसऱ्याला कामाची सोय सांगितली जाते, आणि पुढे दोघे भेटल्यावर प्रत्येकाकडे अर्धी गोष्ट असते. तोंडी विचारण्यातला धोका त्याहून मोठा. ‘त्यांची हरकत नसेल तर माझीही नाही’ असे उत्तर दोन्हीकडून मिळाले, की कर्मचाऱ्याला दोन होकार मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात एकही मिळालेला नसतो, कारण दोन्ही होकार एकमेकांवर टेकलेले असतात.

पत्रात रजेच्या तारखा, खात्यातून वजा होणारे दिवस, त्या काळात येणारी नेमकी कामे, त्यांची सुचवलेली सोय आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवे ते लिहिलेले असावे. कारण थोडक्यात पुरे. ‘आईची शस्त्रक्रिया’ एवढे लिहिले म्हणजे वैद्यकीय तपशील देण्याची गरज राहत नाही. उत्तराची तारीख लिहायला बहुतेकांना संकोच वाटतो, पण ती नसल्यास पत्र दोन्हीकडे ‘नंतर पाहू’ म्हणून पडून राहते. तारखेमागचे कारणही सांगावे. रुग्णालयाला तारीख पक्की कळवायची आहे, किंवा रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, अशी कारणे कोणालाही पटतात. गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्यांना तर आरक्षण खुले होण्यापूर्वीच रजेचा निर्णय हवा असतो. नंतर मिळालेली मंजुरी त्यांच्या कामाची नसते.

एक उदाहरण

पुढील उदाहरण कल्पित असले, तरी त्यातील तारखा २०२६ च्या दिनदर्शिकेप्रमाणे आहेत. पुण्यातील एक चाचणी अभियंता आपल्या कंपनीच्या चाचणी विभागात आहे. विभागप्रमुख पुण्यातच बसतात. तो ज्या प्रकल्पावर आहे त्याच्या व्यवस्थापक त्याच कंपनीच्या जर्मनीतील कार्यालयात आहेत. अभियंत्याच्या आईच्या गुडघ्याच्या सांधारोपणाची तारीख रुग्णालयाने मंगळवार, १० मार्च ही दिली आहे. रुग्णालयातले दिवस आणि घरी आल्यावरचे पहिले काही दिवस सोबत कोणीतरी हवे, आणि घरात दुसरे कोणी नाही. त्याला सोमवार, ९ मार्च ते शुक्रवार, २० मार्च अशी रजा हवी आहे. याच प्रकल्पाची स्वीकृती चाचणी २ ते १३ मार्च या दहा कामाच्या दिवसांत व्हायची आहे. म्हणजे चाचणीचा दुसरा आठवडा पूर्णपणे रजेत जातो.

दिवसांचा हिशेबच आधी चुकू शकतो. ९ ते २० मार्च या काळात शनिवार-रविवार सोडून दहा दिवस येतात. त्यांपैकी गुरुवार, १९ मार्चला गुढीपाडवा असल्याने पुण्याच्या कार्यालयाला सुट्टी आहे. म्हणून रजा नऊच दिवसांची लागते. जर्मनीतील दिनदर्शिकेत पाडवा नाही. तेथे हे दहा दिवसांचे गैरहजर राहणे दिसते आणि पत्रातील आकडा चुकीचा वाटतो. काही आस्थापनांत रजेच्या मध्ये आलेल्या सुट्ट्याही रजेत धरतात, बोली भाषेत ज्याला ‘सँडविच’ म्हणतात. तसे असेल तर हिशेब पुन्हा वेगळा. पत्रात ही फोड एका वाक्यात लिहिली की शंका मिटते.

अभियंत्याने सोमवार, ९ फेब्रुवारीला, म्हणजे चार आठवडे आधी, दोघांच्या नावे एक पत्र पाठवले आणि शुक्रवार, १३ फेब्रुवारीपर्यंत उत्तर मागितले. विभागप्रमुखांचे उत्तर त्याच दुपारी आले: ‘आईची काळजी घ्या, प्रकल्पाची अडचण नसेल तर मी मंजूर करतो.’ प्रकल्प व्यवस्थापकांचे दुसऱ्या दिवशी आले: ‘शस्त्रक्रियेबद्दल सहानुभूती आहे, मात्र १३ मार्चपूर्वी चाचणी सोडता येणार नाही.’

इथे अनेक जण पहिल्या उत्तराच्या आधारे प्रणालीत अर्ज भरून मोकळे होतात. अर्ज मंजूरही होतो, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात, शस्त्रक्रिया तोंडावर आलेली असताना, वाद उभा राहतो. दुसरी चूक म्हणजे कर्मचाऱ्याने स्वतः दोघांमध्ये निरोप नेणे-आणणे. त्याला प्रत्येक फेरीत एका वरिष्ठाचे म्हणणे दुसऱ्याला सांगावे लागते, आणि ते कितीही जपून सांगितले तरी तक्रारीसारखे ऐकू येते. उदाहरणातल्या अभियंत्याने मधला मार्ग घेतला. दोघांची उत्तरे समोरासमोर ठेवून त्याने लिहिले की अडचण ९ ते १३ मार्च या पाच दिवसांची आहे, हे दिवस सांभाळू शकेल असा चाचणीकार विभागात आहे पण दुसऱ्या प्रकल्पावर आहे, आणि याबाबत तिघांनी वीस मिनिटे बोलावे. वेळही त्यानेच सुचवली: गुरुवार, १२ फेब्रुवारी, पुण्यात दुपारी अडीच, जर्मनीत सकाळी दहा. हिवाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेचार तासांचे अंतर असते.

बैठकीत दोन गोष्टी उघड झाल्या. विभागात बदली चाचणीकार आहे हे प्रकल्प व्यवस्थापकांना माहीतच नव्हते. विभागप्रमुखांना स्वीकृती चाचणीची तारीख ग्राहकाशी ठरलेली असल्याने हलणार नाही याची कल्पना नव्हती. बदली चाचणीकाराला गुरुवार, ५ मार्चपासून शुक्रवार, १३ मार्चपर्यंत, म्हणजे कामाचे सात दिवस, सोडायचे ठरले. पहिले दोन दिवस काम समजून घेण्यासाठी आणि पाच दिवस प्रत्यक्ष चाचणीसाठी. त्याच्या मूळ प्रकल्पाला कळवण्याचे काम विभागप्रमुखांनी आपल्याकडे घेतले. ते कर्मचाऱ्यावर टाकणे योग्य झाले नसते, कारण त्या प्रकल्पाशी त्याचा काहीच संबंध नाही.

प्रकल्प व्यवस्थापकांनी आणखी एक अट मांडली. रजेच्या पहिल्या आठवड्यात अभियंत्याने रोज अर्धा तास फोनवर उपलब्ध राहावे. वरवर पाहता ही सौम्य अट वाटते. परंतु रुग्णालयात थांबलेल्या माणसाला तो अर्धा तास नक्की कोणता हे सांगता येत नाही, आणि त्याचा दिवस रजेतून वजा होत असतानाच त्याच्याकडून काम घेतले जाते. विभागप्रमुखांनी ती अमान्य केली आणि तिच्याऐवजी शिल्लक चाचण्यांची टिपणे ६ मार्चपर्यंत लिहून देण्याचे ठरले. ही देवघेव दोघे समोरासमोर असल्यामुळेच झाली. पत्रातून अट आली असती, तर मंजुरी हातची जाऊ नये म्हणून कर्मचाऱ्याने ती निमूट स्वीकारली असती.

बैठकीनंतर अभियंत्याने ठरलेल्या गोष्टी पाच ओळींत लिहून दोघांना पाठवल्या, प्रकल्प व्यवस्थापकांनी त्याला ‘मान्य’ असे उत्तर दिले, आणि ते उत्तर जोडून त्याने शुक्रवारी प्रणालीत नऊ दिवसांचा अर्ज भरला. विभागप्रमुखांनी तो त्याच दिवशी मंजूर केला. प्रकल्पाच्या दिनदर्शिकेतही रजा नोंदवली गेली. ही शेवटची नोंद अनेकदा राहून जाते, कारण रजेची प्रणाली आणि प्रकल्पाची कामवाटप प्रणाली सहसा एकमेकींशी जोडलेल्या नसतात.

तारखा बदलल्यास

मंजुरीनंतर तारीख बदलली, की वरची सारी प्रक्रिया नव्याने करण्याचा कंटाळा येतो आणि बदल जवळच्या एकालाच कळवला जातो. वरच्याच उदाहरणात, आईची रक्तातील साखर आटोक्यात नसल्याने रुग्णालयाने शस्त्रक्रिया १० ऐवजी १२ मार्चला ठेवली, असे समजू. रजा आता बुधवार, ११ मार्च ते मंगळवार, २४ मार्च अशी सरकते. पाडवा वगळता दिवस नऊच राहतात. ९ आणि १० मार्चला अभियंता स्वतः कामावर असणार, म्हणून बदली चाचणीकाराला तेच दोन दिवस काम समजावून देता येते आणि त्याला ५ मार्चपासून नव्हे, तर ९ मार्चपासून सोडले तरी चालते. सातऐवजी पाच दिवस पुरतात. ही गोष्ट फक्त प्रकल्प व्यवस्थापकांना कळवली, तर विभागप्रमुख त्या चाचणीकाराला उगाच दोन दिवस आधी त्याच्या प्रकल्पातून काढतील. फक्त विभागप्रमुखांना कळवली, तर प्रकल्पात ११ ते १३ तारखांना कोण आहे याचा घोळ होईल आणि २३ मार्चला सकाळी अभियंत्याची वाट पाहिली जाईल. म्हणून बदलाचे पत्र मूळ पत्राच्याच मालिकेत, दोघांना, आणि जुन्या व नव्या तारखा शेजारी ठेवून पाठवले जाते. प्रणालीतला जुना अर्ज रद्द करून नवा भरावा लागतो, अन्यथा दोन्ही रजा खात्यातून वजा झालेल्या दिसतात.

मतभेद राहिल्यास

दोन्ही व्यवस्थापकांचे एकमत झाले नाही, तर प्रश्न दोघांच्या सामाईक वरिष्ठाकडे जातो. मॅट्रिक्स संघटनेच्या तक्त्यात हा वरिष्ठ पुष्कळ वर असतो. एका चाचणीकाराच्या नऊ दिवसांसाठी तेथपर्यंत जाणे कोणालाच आवडत नाही. त्यामुळे व्यवहारात मंजुरीचा अधिकार ज्याचा, त्याचा निर्णय अंतिम मानला जातो, आणि आस्थापनेच्या रजाविषयक नियमांत तसे लिहिलेले असल्यास वाद लवकर मिटतो. तो निर्णय दुसऱ्या व्यवस्थापकाला कर्मचाऱ्याने नव्हे, तर निर्णय घेणाऱ्याने कळवावा, असा चांगल्या कार्यालयांचा रिवाज आहे. मनुष्यबळ विभाग नियमाचा अर्थ सांगू शकतो. प्रकल्पाच्या वेळापत्रकाबद्दल मात्र त्याला मत नसते.

उत्तरच न येणे हा मतभेदाहून अधिक वेळा घडणारा प्रकार आहे. मौनाचा अर्थ काय घ्यायचा, हे प्रणालीच्या मांडणीवर ठरते. काही ठिकाणी ठरावीक दिवसांनंतर अर्ज आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जातो, काही ठिकाणी तो आपोआप मंजूर होतो, आणि काही ठिकाणी रजेचा दिवस उजाडेपर्यंत ‘प्रलंबित’ असाच दिसतो. शेवटच्या प्रकारात अर्ज करून गैरहजर राहिलेला कर्मचारी विनापरवानगी गैरहजर धरला जाऊ शकतो. व्यवस्थापक स्वतः रजेवर असून त्याने आपला अधिकार कोणाकडे सोपवलेला नसेल, तेव्हा हे विशेषतः घडते. त्यामुळे पत्र पाठवण्याआधी दोन्ही व्यवस्थापक त्या आठवड्यात कामावर आहेत का, हे पाहून घेण्याची सवय अनुभवी कर्मचाऱ्यांना असते. वर्षअखेरीस, जेव्हा युरोपातील कार्यालये नाताळासाठी रिकामी होऊ लागतात, तेव्हा डिसेंबरचा अर्ज नोव्हेंबरातच केलेला बरा पडतो.